आवाज बंद, ओळ चालू

रेडिओवर बसून मी आज आवाज नसलेल्या व्हिडिओबद्दल बोलणार आहे, म्हणजे व्हिडिओवर ज्या ओळी लिहून येतात त्या कॅप्शनबद्दल. आपल्यातल्या पुष्कळ जणी व्हिडिओ आवाज बंद करून बघतात. मांडीवर मूल झोपलेलं असतं, एसटीत गर्दी असते, नाहीतर सासरे शेजारी बसलेले असतात. अशा वेळी आपण बोललेलं काहीच पोहोचत नाही. पोहोचते ती फक्त ओळ.

आमच्या गटानं मागच्या पावसाळ्यात जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसच्या पाकिटाचा, छोटा व्हिडिओ केला. मुलाला जुलाब लागले तर पाकीट कसं कालवायचं, एवढंच त्यात होतं. मी बोलले होते, "अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या, असं करायचं नाही." मोबाइलवर एवढं वाक्य एका ओळीत मावेना, म्हणून मी त्याचे दोन तुकडे केले. आधी आलं, "अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या". दोन सेकंदांनी आलं, "असं करायचं नाही".

पुढच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तसं अर्धंच टाकलं हो, लिटरभर पाण्यात." मी चपापले. त्यांनी पहिली ओळ वाचली, तेवढ्यात मूल रडलं, नजर हलली आणि दुसरी ओळ निघून गेली. आशाताई त्याच दिवशी त्यांच्या घरी गेल्या होत्या, म्हणून ते वेळेत सुधारलं. पण चूक त्या ताईंची नव्हती. ती माझ्या ओळीची होती.

इथं आपल्या भाषेची एक खोड ध्यानात घ्या. मराठीत "नाही", "नका", "नको" हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. वाक्य मध्येच तोडलं की पहिल्या तुकड्याचा अर्थ थेट उलटा होतो. बोलताना आपला सूर ते सांभाळून घेतो, पण आवाज बंद असला की सूरही गेला. म्हणून आम्ही ठरवलं, की नकाराचं वाक्य दोन ओळींत कधीच तोडायचं नाही. त्याहून बरं म्हणजे नकार काढूनच टाकायचा आणि काय करायचं ते लिहायचं. आता तिथं ओळ आहे, "अख्खं पाकीट एकदम टाका". चार शब्द. मध्येच नजर हलली तरी उलटा अर्थ निघत नाही.

आता ही ओळ किती वेळ ठेवायची? मी ते वाक्य दीड-दोन सेकंदांत बोलते, म्हणून आधी ओळही तेवढाच वेळ ठेवली होती. पण वाचायची सवय नसेल, तर कान ऐकतो त्यापेक्षा डोळा सावकाश वाचतो. आमच्या गटात चौथीपर्यंत शिकलेल्या एक काकू आहेत. त्यांना ती ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ धरली. तीन सेकंद लागले. त्यात एक सेकंद आणखी घातला, कारण चित्रावरची नजर ओळीवर यायलाही वेळ लागतो. म्हणजे चार सेकंद. तुम्हीही असंच करा. गटातल्या सगळ्यांत सावकाश वाचणाऱ्या बाईचा वेळ अधिक एक सेकंद. हिशेब सात सेकंदांच्या वर गेला, तर ओळ जास्त वेळ ठेवू नका, शब्द कमी करा.

बोलणं दोन सेकंदांत संपलं आणि ओळ चार सेकंद हवी, तर उरलेले दोन सेकंद पडद्यावर काय दाखवायचं? आम्ही पाकिटाचं चित्र तिथंच थांबवून ठेवलं. यातून आणखी एक गोष्ट कळली. आधी पावडर ओतणारा हात आणि ओळ दोन्ही एकाच वेळी येत होते. हलणारा हात दिसला की डोळा तिकडेच जातो आणि ओळ वाचायची राहते. आता आधी स्थिर पाकीट आणि ओळ येते. ओळ गेली की मग हात दिसतो, तेव्हा पडद्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

वेळ जमली, पण शब्दांत दुसरी चूक निघाली. आमची पुढची ओळ होती, "एक पाकीट, एक लिटर पाणी". सुटसुटीत वाटते ना? व्हिडिओ न पाहिलेल्या एका सुनेला आम्ही तो आवाज बंद करून दाखवला. "कळलं का?" असं विचारलं नाही, कारण त्यावर सगळ्याच हो म्हणतात. समोर पाकीट, बाटली आणि पातेलं ठेवलं आणि म्हटलं, "करून दाखव." तिनं स्वतःच्या पिशवीतलं लहान पाकीट काढलं आणि लिटरभर पाण्यात टाकलं. ते पाकीट २०० मिलिलिटर पाण्याचं होतं! बाजारात दोन्ही मिळतात. लहान पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं तर औषध पातळ होऊन उपयोगी पडत नाही. उलट, मोठं पाकीट पेलाभर पाण्यात टाकलं तर ते फार खारट होतं आणि मुलाला अपाय करतं. आता ओळ आहे, "पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या", आणि तिच्यासोबत पाकिटावरचा आकडा जवळून दिसतो. ही ओळ लांब आहे, म्हणून ती सहा सेकंद ठेवली.

तिसरी ओळ होती, "२४ तासांत वापरावे". ती वाचून कुणी म्हणे २४ तास ठेवायचं, कुणी म्हणे २४ तासांनी द्यायचं. आता लिहिलंय, "उरलं तर उद्या याच वेळी ओतून द्या".

शेवटी धोक्याच्या खुणा होत्या. मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, शीत रक्त दिसलं, या तिन्ही खुणा एकाखाली एक लिहून खाली "लगेच दवाखान्यात न्या" असं घातलं होतं. ते शेवटचं वाक्य येईपर्यंत वाचणारी थांबेलच असं नाही. आता तीन वेगळी चित्रं आहेत आणि प्रत्येकावर पुरं वाक्य आहे. "मूल पाणी पीत नाही? लगेच दवाखान्यात न्या." तेच शब्द तीनदा येतात, येऊ देत.

ओळीची जागाही बघा. पडद्याच्या अगदी तळाशी लिहिलं तर स्टेटस बघताना उत्तर लिहायची चौकट त्यावर येते, म्हणून बोटभर वर घ्या. अक्षर पांढरं आणि मागे काळी पट्टी ठेवा. पट्टी अरुंद असली तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. "दिन" आणि "दीन" सोडा, "पाणी"चं "पाणा" होतं.

आणि जिला वाचताच येत नाही, तिच्यासाठी कितीही चांगली ओळ लिहिली तरी ती मुकीच. तिच्यासाठी पाकीट, त्यावरचा आकडा, बाटलीतल्या पाण्याची रेघ हे सगळं ओळीशिवायही दिसलं पाहिजे. तरीही काही सुटतंच. आमच्या गावात त्या बायांकडे अजून आशाताईच जातात, पाकीट हातात घेऊन.

तुमच्या गटाचा जो व्हिडिओ आज गावात फिरतोय, तो आज रात्री आवाज बंद करून एकदा बघा. प्रत्येक ओळीवर थांबा आणि स्वतःला विचारा, इथंच नजर हलली तर मी घरी जाऊन काय करीन?