भर उन्हातले उड्डाण आणि काळी काच



ड्रोनने काढलेली चलच्चित्रे आता लग्नमंडपापासून शेतशिवारापर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांपैकी पुष्कळांत एक चमत्कारिक दोष आढळतो. एकेक चित्र थांबवून पाहावे तर आरशासारखे स्वच्छ असते. पण तेच चालू लागले की जमीन सरकण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उड्या मारते आणि डोळ्यांना थकवा येतो. दोष बहुधा भर उन्हात काढलेल्या चित्रांत सापडतो. तो का उद्भवतो आणि कॅमेऱ्यापुढे बसवलेल्या काळसर काचेने तो कसा दूर होतो, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

चलच्चित्र म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे, हे आपण जाणतोच. सेकंदाला पंचवीस चित्रे घेतली, तर एका चित्राच्या वाट्याला १/२५ सेकंद येतो. त्यांतला किती वेळ शटर उघडे राहावे? जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक अर्धवर्तुळाकार तबकडी फिरत असे. तिच्यामुळे प्रत्येक चित्राच्या वेळेपैकी निम्मा वेळ उजेड आत येई आणि निम्मा वेळ अडे. त्या निम्म्या वेळात हलती वस्तू किंचित फराटल्यासारखी उमटते, आणि हाच फराटा पुढच्या चित्राशी सांधा जोडतो. सिनेमा पाहून आपल्या डोळ्यांना हीच सवय जडली आहे. म्हणून पंचवीस चित्रांना शटर १/५० सेकंद, पन्नास चित्रांना १/१००, असा निम्म्याचा नियम रूढ झाला.

आता हा नियम भर उन्हात मोडतो कसा, ते पाहू. पुष्कळ लहान ड्रोनच्या कॅमेऱ्याचे छिद्र कायमचे एकाच मापाचे असते. ते एफ २.८ आहे असे धरू. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, आपण सर्वांत खाली १०० वर आणून ठेवली. छिद्र लहान करता येत नाही, आयएसओ आणखी उतरत नाही. मग जादा उजेड आवरण्याचे एकच साधन कॅमेऱ्याच्या हाती उरते, ते म्हणजे शटर. निरभ्र दुपारी तो शटरचा वेळ १/३२०० सेकंदापर्यंत नेतो. म्हणजे निम्म्या वेळेऐवजी १/१२८ वेळ शटर उघडे, आणि उरलेल्या काळात घडले त्याची कॅमेऱ्याला दाद नाही.

कृष्णाकाठच्या एखाद्या भुईमुगाच्या शेतावरून पाच मीटर उंचीने, कॅमेरा सरळ खाली वळवून, सेकंदाला दहा मीटर वेगाने ड्रोन चालला आहे असे समजा. नेहमीच्या रुंद भिंगात त्या उंचीवरून सुमारे साडेसात मीटर रुंदीची जमीन दिसते. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ड्रोन चाळीस सेंटिमीटर पुढे जातो. शटर १/५० असेल तर त्यांतले वीस सेंटिमीटर चित्रात फराट्याच्या रूपाने उमटतात आणि गती सलग वाटते. शटर १/३२०० असेल तर उमटतात जेमतेम तीन मिलिमीटर. चाळीस सेंटिमीटरची उडी मात्र तशीच राहते, आणि तीच डोळ्यांना खुपते.

उपाय असा, की शटर हवे तेथेच ठेवावे आणि उजेडच कमी करावा. त्यासाठी भिंगापुढे एनडी फिल्टर बसवतात. हा काळसर काचेचा तुकडा रंग न बदलता उजेड कमी करतो. त्यावरचा आकडा सोपा आहे : एनडी ८ म्हणजे आठवा हिस्सा उजेड आत, एनडी ६४ म्हणजे चौसष्टावा. यावरून निवडीची रीत सहज निघते. जमिनीवर असतानाच, फिल्टर न लावता, आयएसओ १०० वर ठेवून कॅमेरा ज्या दृश्याचे चित्रण करायचे त्याकडे वळवावा, आकाशाकडे नव्हे. कॅमेरा स्वतः कोणते शटर निवडतो ते पडद्यावर वाचावे. १/३२०० दिसले, हवे १/५०. ३२०० ला ५० ने भागले की ६४. हाच आपला फिल्टर. सेकंदाला पन्नास चित्रे घ्यायची असतील तर ३२०० भागिले १००, म्हणजे एनडी ३२. भागाकार मधल्याच आकड्यावर आला तर जवळचा फिल्टर घ्यावा. शटर १/४० किंवा १/८० झाल्याने काही बिघडत नाही. नियमाची शोभा राहते.

यानंतर स्वयंचलित मापन बंद करून शटर, आयएसओ आणि रंगाचे मापन हाताने पक्के करावे. फिल्टर लावूनही मापन कॅमेऱ्यावर सोपवले, तर आकाश चौकटीत येताच शटर पुन्हा पळू लागते आणि दृश्य मध्येच काळवंडते.

एक गोष्ट विसरता कामा नये : वर गेलेल्या ड्रोनची काच बदलता येत नाही. म्हणून उड्डाणात जो सर्वांत प्रखर उजेड मिळेल, त्याच्या बेताने फिल्टर निवडावा. पुढे ढग आला आणि उजेड चौथ्या हिश्शावर उतरला, तर आयएसओ १०० वरून ४०० करता येते. चित्रात थोडे दाणे दिसतील, पण गती बिघडणार नाही. उलट, फिल्टर हलका निघाला तर शटर वाढवण्यावाचून इलाज नाही. ढग टिकणारच असे दिसले तर खाली उतरवून एनडी १६ लावणे बरे. फिल्टर त्याच ड्रोनसाठी बनवलेला असावा आणि ड्रोन सुरू करण्यापूर्वी लावावा. कारण कॅमेरा तोलून धरणारी यंत्रणा फार नाजूक असते आणि चुकीच्या वजनाने ती बिथरते.

मग प्रत्येक वेळी फिल्टर हवाच काय? नाही. तेच ड्रोन शंभर मीटर उंच गेले की चौकटीत दीडशे मीटर जमीन मावते. चाळीस सेंटिमीटरची उडी त्यात नगण्य ठरते आणि १/५० व १/३२०० यांतला फरक सामान्य प्रेक्षकाला कळतही नाही. मात्र ड्रोन जागीच वळवला तर दूरचे डोंगरही उड्या मारतात. तेथे फिल्टर हवा आणि वळणही सावकाश हवे. स्थिर छायाचित्र काढायचे असेल तर काच उतरवूनच ठेवावी, कारण तेथे फराटा हा निव्वळ दोष आहे.

घरी आल्यावर पारख अशी करावी. चित्र मध्येच थांबवावे. जवळची, सरकणारी वस्तू किंचित फराटलेली आणि दूरचा, ड्रोनच्या दृष्टीने स्थिर असलेला देवळाचा कळस रेखीव दिसला, तर निवड बरोबर ठरली. दोन्ही सारखेच रेखीव दिसले, तर काच हलकी होती. कळसही फराटलेला दिसला, तर दोष वाऱ्याच्या हिसक्याचा, घाईने घेतलेल्या वळणाचा किंवा फार लांबवलेल्या शटरचा समजावा. तेव्हा काच न बदलता आधी वारा आणि वळण पाहावे.

स्वच्छ चित्र आणि स्वाभाविक चित्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. चलच्चित्राची रेखीवता स्थिर वस्तूंत शोधावी. हलत्या वस्तूंत ती शोधू गेले की गती हातची जाते. एवढे ध्यानात ठेवून पुढच्या खेपेस जमिनीवरच एक भागाकार करावा आणि मग ड्रोन आकाशात सोडावा, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.