प्रशिक्षणाची आठवण देणारे पत्र
(धरणगाव येथील केंद्राच्या शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ होऊ नये, म्हणून संसदेने 2013 साली एक अधिनियम केला. त्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे कर्मचाऱ्यांसाठी नियमित कालांतराने जागृतीच्या कार्यशाळा भरविणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. अशी कार्यशाळा ठरली म्हणजे तिची आठवण देणारे पत्र केंद्रप्रमुखांना अथवा मुख्याध्यापकांना लिहावे लागते. ते पत्र कसे लिहावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी असे एक पत्र मी लिहिले होते. त्यातील मुख्य वाक्य असे होते : ‘गैरहजर राहणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.’ हजेरीपट सह्यांनी भरला आणि मला समाधान वाटले. परंतु त्या दिवशी कोणी एकही प्रश्न विचारला नाही. पुरुष मंडळी आरोपीसारखी अवघडून बसली होती, भगिनींच्या माना खाली होत्या, आणि दुपारच्या जेवणानंतर निम्म्या बैठका रिकाम्या झाल्या.

पुढे एक शिक्षिका मला भेटावयास आल्या. त्यांच्या बाबतीत घडलेल्या प्रसंगाला पाच महिने होत आले होते. त्यांनीही त्या दिवशी सही केली होती व दुपारी त्या घरी गेल्या होत्या. मुदतीची माहिती सांगितली गेली ती दुपारीच. घटनेपासून, आणि प्रसंग वारंवार घडले असल्यास शेवटच्या प्रसंगापासून, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. तसे न करता येण्यास सबळ परिस्थिती असल्यास समिती कारणे नमूद करून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणजे त्यांच्या हाती थोडेच दिवस उरले होते. त्यांनी पुढे काय केले, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु माझ्या पत्राने सह्या मिळविल्या, श्रोते मिळविले नाहीत, हे मला त्या दिवशी कळून चुकले.

आता मी पुढीलप्रमाणे लिहितो :

‘लैंगिक छळ प्रतिबंधाचे प्रशिक्षण गुरुवारी सकाळी 11 ते 4 या वेळेत होईल. ते सर्व शिक्षक, शिक्षिका व मुख्याध्यापक यांच्यासाठी अनिवार्य आहे. तक्रार कोणाकडे, किती मुदतीत व कशी करावी, हे त्यात समजावून सांगण्यात येईल. मुदतीचा भाग दुपारच्या सत्रात आहे. द्विशिक्षकी शाळेतून एकाने गुरुवारी व दुसऱ्याने शुक्रवारच्या तुकडीत यावे. हा दिवस कर्तव्यकाळ धरला जाईल. अडचण असल्यास आधी कळवावे, म्हणजे पुढील तुकडीत नाव घेता येईल.’

यात ‘अनिवार्य’ हा शब्द मी गाळलेला नाही. जे ऐच्छिक नाही, ते ऐच्छिक भासविणे हीही एक फसवणूकच होय. तो शब्द एकदा, सरळपणे लिहावा आणि पुढे जावे. सेवानियम आपल्या जागी आहेतच. परंतु या अधिनियमातील 50,000 रुपयांपर्यंतचा दंड कर्तव्य चुकविणाऱ्या नियोक्त्यासाठी आहे. आपल्यावरील जबाबदारीचा धाक आपण शिक्षकांना का दाखवावा?

दुसरे असे की, पत्र केवळ ‘महिला शिक्षिकांनी’ असे संबोधून लिहू नये. तसे केल्यास पुरुषांना तो विषय परका वाटतो. त्याचप्रमाणे ‘अलीकडील प्रकार लक्षात घेता’ असे शब्दही कटाक्षाने टाळावेत. लहान गावात एवढ्यावरून कोणाचे नाव निघाले, याची चर्चा चावडीवर सुरू होते. आणि तक्रारदाराची ओळख उघड करण्यास 16 व्या कलमाची मनाई आहे.

तिसरी गोष्ट लहान शाळांविषयी. ज्या कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळे अंतर्गत समिती नसते, तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याचा नोडल अधिकारी ती स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवितो. दोन शिक्षकांच्या शाळेतील भगिनीला हा मार्ग ठाऊक नसतो. म्हणून ‘आपल्या शाळेची तक्रार कोणाकडे जाईल, हेही सांगण्यात येईल’ एवढे एक वाक्य पत्रात अवश्य घालावे. या वाक्याने जे साधते, ते कारवाईच्या धाकाने साधत नाही.

शेवटी, जे आले नाहीत त्यांच्या नावांची यादी सर्वांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. ज्याचे त्याला स्वतंत्रपणे लिहावे : ‘गुरुवारी आपण येऊ शकला नाहीत. पुढील तुकडी अमुक दिवशी आहे. तो दिवस सोयीचा आहे काय?’ न येण्याचे कारण कधी घरचे आजारपण असते, तर कधी त्याच सभागृहात ज्याच्या शेजारी बसावे लागेल तो मनुष्य असतो. हे दुसरे कारण कोणी चारचौघांत सांगत नाही. स्वतंत्र पत्राला मात्र त्याचे उत्तर येऊ शकते. ते उत्तर आले तर ते आपल्याजवळच ठेवावे आणि त्या व्यक्तीस समितीचा मार्ग दाखवावा.