फडके रोडवरचे ब्याण्णव



आज मी मुख्यतः पालकांशी बोलणार आहे. मुलांनी ऐकलं तरी हरकत नाही.

दिवाळीची पहिली सकाळ. फडके रोडवर ढोल, नवे कपडे, पाय ठेवायला जागा नाही. जुना मित्र भेटला. "आमच्याला ब्याण्णव! तुमचीला दहावीत किती?" मी म्हणालो, "ऐंशी. पण गणितात मार खाल्लाच." मुलगी शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पुढच्या दिवाळीला ती आमच्याबरोबर आली नाही.

मी गणिताचाच मास्तर, पण तिच्या आकड्यांकडे नीट पाहिलं ते नंतर. मराठी 82, हिंदी 78, इंग्रजी 74, गणित 61, विज्ञान 76, सामाजिक शास्त्रे 85. सहाशेपैकी 456, म्हणजे 76 टक्के. आपल्या बोर्डात 2010 पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे, म्हणून गणित बाजूला पडलं आणि पाचशेपैकी 395, म्हणजे 79 टक्के झाले. त्यात चित्रकलेचे सात वाढीव गुण मिळून 402, म्हणजे 80.4. मुलगी एकच, वर्ष एकच, टक्केवाऱ्या तीन! बरं, ज्या गणिताचं मी रस्त्यात रडगाणं गायलो, ते त्या ऐंशीत धरलेलंच नव्हतं.

आणि मित्राचे ब्याण्णव? ते सीईटीचं पर्सेंटाइल निघालं. परीक्षेला बसलेल्या दर शंभरातले साधारण ब्याण्णव जण त्याच्या पोराच्या बरोबरीला किंवा मागे. पेपरात गुण किती पडले, ते त्यातून कळत नाही. मी किलोची तुलना लिटरशी करून लाजत होतो.

हा हिशोब मित्राला ऐकवायला निघालो होतो. बायकोने अडवलं. "त्याच्या पोराने मेहनत केलीय ना? मग अभिनंदन कर." बरोबर होतं तिचं. पर्सेंटाइलची फोड करून दुसऱ्याचा आनंद कापणं हीही स्पर्धाच.

आता मी असं करतो. अभिनंदन मोकळेपणी करतो, त्याला 'पण' जोडत नाही. त्या मुलाला काय आवडतं, ते विचारतो. माझ्या मुलीचे गुण विचारले, तर म्हणतो, "ते तिचं ती सांगेल. सध्या घरभर तिचे रंग सांडलेत." पुन्हा विचारलं तरी तेच उत्तर. कोणी दुखावत नाही, विषय आपोआप लोकलच्या गर्दीवर जातो.

मनात कळ उठत नाही असं नाही. उठते. फक्त ती घेऊन त्या रात्री मुलीच्या खोलीत जात नाही.

थोड्या वेळात बक्षिसं वाटली जातील. नंतर बाहेर रिक्षाच्या रांगेत कुणाच्या हातात ढाल असेल, कुणाचे हात रिकामे असतील. ढाल असलेल्याचं कौतुक करा. रिकाम्या हातांच्या मुलाला 'तुझं काय झालं रे?' एवढं मात्र विचारू नका.