दोन महिन्यांचं बिल एका महिन्याचं समजू नका

जुलै 2024 मध्ये लांजा तालुक्यातल्या आमच्या एका ताईंनी गटाच्या मोबाईलवर विजेच्या बिलाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आमचा वापर एवढा नाही, मीटर पळतोय का?" बिलावर 190 युनिट होते. एरवी त्यांच्या घरी 70 युनिट येतात. मग बैठकीत आम्ही सगळ्याजणी वही घेऊन ते बिल सोडवायला बसलो. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी रक्कम पाहायची नाही. आधी पाहायचं चालू रीडिंग आणि मागील रीडिंग. चालू 4500, मागील 4310, वजाबाकी 190. मीटरवरचा आकडा याच्याशी जुळत होता. म्हणजे युनिट खरे होते. मग आम्ही त्या दोन रीडिंगांच्या तारखा पाहिल्या आणि उलगडा झाला. दोन तारखांमध्ये दोन महिन्यांचं अंतर होतं! जूनमध्ये रीडिंग घ्यायला माणूस आला तेव्हा सगळी पेरणीला गेलेली, मीटर कुलूपबंद पडवीत. त्यामुळे जूनचं बिल सरासरीने, 70 युनिटचं आलं होतं. मे अखेरपर्यंत चाकरमानी घरात होते, पंखे दिवसरात्र चालू. तो खरा वापर जुलैच्या रीडिंगमध्ये दिसला.

आता दर. घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटना एक दर असतो, 101 ते 300 ला त्याहून बराच जास्त. तेव्हा पहिल्या टप्प्याचा वीज आकार युनिटला 4 रुपये 71 पैसे होता आणि दुसऱ्याचा 10 रुपये 29 पैसे. पुष्कळ बायकांना वाटतं, 101 वा युनिट झाला की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही. पहिले शंभर स्वस्तच राहतात, वरचे तेवढे महाग लागतात.

पण हे शंभर एका महिन्याचे. बिल दोन महिन्यांचं असेल तर स्वस्त टप्पा 200 युनिटांचा धरला पाहिजे. ताईंचे 190 युनिट त्यात पूर्ण बसतात. म्हणून हिशेब असा झाला:

वीज आकार, 190 गुणिले 4.71, म्हणजे 894 रुपये 90 पैसे.
वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, युनिटला 1 रुपया 17 पैसे, एकूण 222 रुपये 30 पैसे.
स्थिर आकार, वीज वापरा किंवा न वापरा, महिन्याला 128, दोन महिन्यांचे 256 रुपये.

बेरीज 1373 रुपये 20 पैसे. यावर 16 टक्के वीज शुल्क, हे सरकारचं, 219 रुपये 71 पैसे. एकूण साधारण 1593 रुपये. जूनच्या सरासरी बिलाचे 626 रुपये ताईंनी भरले होते, ते वजा झाले. उरले 967. बिलावरचा आकडाही तोच होता. बिल बरोबर होतं, मीटरही बरोबर होता.

एखाद्या महिन्यात इंधन समायोजन आकार नावाची ओळ येते. वीज बनवण्याचा खर्च वरखाली झाला की तो फरक तिथे लागतो. ताईंच्या हिशेबात आम्ही ती धरलेली नाही.

समजा, हे 190 युनिट एकाच महिन्याचे धरले असते तर? 90 युनिट महाग टप्प्यात गेले असते आणि शुल्कासकट साधारण 580 रुपये जास्त पडले असते. म्हणून रीडिंग चुकलेल्या महिन्यानंतरचं बिल नक्की तपासायचं. 2020 च्या टाळेबंदीत राज्यभर रीडिंग बंद होतं आणि जूनमध्ये तीन महिन्यांचा वापर एकत्र आला. तेव्हाही लोक घाबरले, आणि तेव्हाही पाहायचं हेच होतं, की टप्पे तीन महिन्यांचे धरलेत का.

टप्पा चुकलेला दिसला तर दोन्ही महिन्यांची बिलं आणि मीटरचा फोटो घेऊन वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 1912 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलतात, तेव्हा हिशेबाला तुमच्या बिलाच्या महिन्याचेच दर घ्या.

आणि लावणीच्या दिवसांत घर बंद राहणार असेल, तर मीटर दिसेल अशी सोय करून जा, किंवा महावितरणच्या ॲपवरून रीडिंग स्वतः पाठवा. आम्ही आता दर महिन्याच्या एकाच तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहितो. बिल आलं की पहिली नजर तिथेच जाते.