चढउताराचा नफा कधी मिळतो?



आपली पुंजी शेअर्समध्ये आणि ठेवींमध्ये निम्मी-निम्मी ठेवावी, इथपर्यंत बऱ्याच जणांचं एकमत होतं. मतभेद सुरू होतात ते वर्षभरानं. शेअर्स वाढतात किंवा पडतात आणि निम्म्याचं निम्मं राहत नाही. मग एक जण सांगतो, घेतलंय ते तसंच ठेवा, हात लावू नका. दुसरा सांगतो, दर वर्षी हिशेब करा आणि वाढलेलं थोडं विकून, घटलेलं थोडं घेऊन पुन्हा निम्मं-निम्मं करा. या दुसऱ्या पद्धतीला रिबॅलन्सिंग म्हणतात. तिच्याबद्दल एक विधान सर्रास ऐकू येतं: बाजार जितका वरखाली होईल, तितका तिचा फायदा. हे विधान अर्धंच खरं आहे. खरा अर्धा भाग कोणता, ते आज फळ्यावर मांडून पाहू.

मूळ उदाहरण माहितीशास्त्राचा पाया घालणारे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचं आहे. एक शेअर घ्या, जो दर टप्प्याला एकतर दुप्पट होतो किंवा निम्मा. तुमच्याकडे १ लाख रुपये आहेत. ५० हजार त्या शेअरमध्ये घाला, ५० हजार रोख ठेवा. रोख रकमेवर व्याज नाही, असं धरू.

पहिल्या टप्प्यात शेअर निम्मा झाला. शेअरचे उरले २५ हजार, रोख ५० हजार, एकूण ७५ हजार. हात न लावणारा स्वस्थ बसतो. रिबॅलन्स करणारा रोख रकमेतले साडेबारा हजार काढून शेअर घेतो, म्हणजे दोन्हीकडे साडेसदतीस हजार होतात. दुसऱ्या टप्प्यात शेअर दुप्पट होऊन मूळ भावावर आला. स्वस्थ बसलेल्याकडे पुन्हा १ लाख. दुसऱ्याकडे शेअरचे ७५ हजार आणि रोख साडेसदतीस हजार, एकूण १,१२,५००. शेअर जिथं होता तिथंच आहे, तरी साडेबारा हजार जास्त आले. आधी दुप्पट आणि मग निम्मा, असा उलटा क्रम लावलात तरी उत्तर हेच येतं.

इथवरचा भाग सगळे सांगतात. फळ्यावर आणखी दोन ओळी लिहायच्या राहतात. शेअर लागोपाठ दोनदा दुप्पट झाला तर? स्वस्थ बसलेल्याचे २,५०,००० होतात, रिबॅलन्स करणाऱ्याचे २,२५,०००. लागोपाठ दोनदा निम्मा झाला तर? पहिल्याकडे ६२,५०० उरतात, दुसऱ्याकडे ५६,२५०. दोन्हीकडे रिबॅलन्स करणारा मागे. चढताना त्यानं चढणारी वस्तू विकली आणि पडताना पडणारी वस्तू घेतली.

आता चारही वाटांची सरासरी काढा. स्वस्थ बसलेल्याची १,२८,१२५ रुपये येते आणि रिबॅलन्स करणाऱ्याची सुमारे १,२६,५६०. म्हणजे सरासरीत रिबॅलन्सिंग किंचित मागेच आहे. ते एवढंच करतं, की भाव मूळ जागी परतणाऱ्या वाटांवर जास्त देतं आणि एकाच दिशेनं जाणाऱ्या दोन्ही टोकांच्या वाटांवर कमी.

यातून एक सोपा नियम निघतो. पहिल्या टप्प्यातला बदल आणि दुसऱ्या टप्प्यातला बदल यांचा गुणाकार करा, त्याला चारानं भागा आणि चिन्ह उलटवा. हाच दोन पद्धतींतला फरक. पन्नास टक्के घट आणि शंभर टक्के वाढ यांचा गुणाकार उणे अर्धा, त्याचा पाव भाग साडेबारा टक्के, चिन्ह उलटलं की नफा. दोन्ही बदल एकाच दिशेचे असले, तर गुणाकार अधिक येतो आणि चिन्ह उलटलं की तोटा. म्हणून मी म्हणतो, नफा चढउताराचा नसतो, परतीचा असतो. ठेवीला व्याज असेल, तर प्रत्येक बदल त्या व्याजाच्या तुलनेत मोजायचा. गणित तेच राहतं.

हे सेन्सेक्सवर तपासू. लाभांश आणि व्याज बाजूला ठेवू. २००७ अखेर सेन्सेक्स सुमारे २०,२८७ होता, २००८ अखेर ९,६४७, २००९ अखेर १७,४६५ आणि २०१० अखेर २०,५०९. तीन वर्षांनी जवळजवळ तिथंच. हात न लावणाऱ्याच्या १ लाखाचे सुमारे १,००,५०० झाले. दर वर्षअखेर निम्मं-निम्मं करणाऱ्याचे सुमारे १,१२,७००. शॅननचं उदाहरण आपल्याच बाजारात घडलं.

आता त्याच्या लगेच आधीची पाच वर्षं पाहा. २००२ अखेर सेन्सेक्स ३,३७७ होता आणि २००७ अखेर २०,२८७. मधली पाचही वर्षं वाढीची. स्वस्थ बसलेल्याच्या १ लाखाचे सुमारे ३ लाख ५० हजार झाले, रिबॅलन्स करणाऱ्याचे २ लाख ६८ हजार. ऐंशी हजारांहून जास्त फरक. निर्देशांक तोच, नियम तोच, निकाल उलटा.

पण एक गोष्ट विसरू नका. २००७ अखेर स्वस्थ बसलेल्याची सुमारे ८६ टक्के पुंजी शेअर्समध्ये होती. निम्म्याचा बेत कधीच मोडला होता. त्यामुळे २००८ मध्ये त्याचे ३ लाख ५० हजार १ लाख ९३ हजारांवर आले, तर दुसऱ्याकडे १ लाख ९८ हजार शिल्लक होते. जोखीम ठरलेल्या मापात राहणं, हे रिबॅलन्सिंगचं खात्रीचं काम. नफा ही वरकमाई.

ही वरकमाई किती? शेअर्सचं वार्षिक प्रमाण विचलन २० टक्के धरलं, तर निम्म्या-निम्म्या वाटणीत ती वर्षाला सुमारे अर्धा टक्का येते. दहा वर्षांत ठेवींनी वर्षाला ७ टक्के दिले, तर शेअर्सचा वार्षिक परतावा साधारण अर्धा ते चौदा टक्के यांच्या दरम्यान राहिल्यास रिबॅलन्स करणारा पुढे असतो. त्याच्या वर किंवा खाली गेला, की स्वस्थ बसलेला पुढे. कर आणि खर्च यात धरलेले नाहीत.

अर्धा टक्का करानं सहज खाल्ला जातो. इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला, तर नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकला, तर सव्वा लाखापुढच्या वार्षिक नफ्यावर साडेबारा टक्के. म्हणून आधी नव्यानं येणारे पैसे घटलेल्या बाजूला घालून प्रमाण जुळवावं, विक्री शेवटी. हायब्रिड फंडात किंवा एनपीएसमध्ये आतल्या आत प्रमाण बदललं, तर आपल्याला तेव्हा कर पडत नाही, ही मोठी सोय आहे.

आणि शेवटची, सर्वांत कळकळीची गोष्ट. हा नियम एकाच कंपनीच्या शेअरला लावू नका. निर्देशांकात बुडणाऱ्या कंपन्या बाहेर जातात, नव्या येतात, म्हणून परतीची आशा धरता येते. बुडत्या कंपनीत परत येणं नसतं. तिथं हा नियम दर वर्षी तुमची ठेव मोडून त्याच खड्ड्यात घालायला सांगतो. फळ्यावरची ५६,२५० ची ओळ पुढे वाढवत न्या. दर टप्प्याला पाव हिस्सा जातो, आणि त्यात रोख ठेवलेले ५० हजारही सुटत नाहीत. हात न लावणाऱ्याचे ते ५० हजार मात्र शेवटपर्यंत तसेच राहतात.