हरकतीचे तीस दिवस : सिंगूरच्या भूसंपादनाचा धडा



सरकारने एखाद्याची जमीन त्याच्या इच्छेविरुद्ध घ्यावी की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. आज आम्ही त्या वादात शिरणार नाही. घ्यायचीच झाली तर ती कोणत्या रीतीने घ्यावी, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे. आणि त्यासाठी पश्चिम बंगालमधील सिंगूरचे एकच प्रकरण आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. इंग्रजांनी केलेला भूसंपादनाचा कायदा १८९४ सालचा. त्याच्या मूळ रूपात जमीनमालकाला किमतीबद्दल भांडता येत असे. पण 'माझी जमीन घेऊच नका' असे म्हणण्याची सोय त्यात नव्हती. १९२१ साली आपल्या मुळशीच्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा कायद्याची स्थिती हीच होती. पुढे १९२३ साली त्या कायद्यात ५-अ हे कलम घालण्यात आले. अधिसूचना निघाल्यापासून तीस दिवसांत हरकत घ्यावी, कलेक्टरने हरकतदाराचे म्हणणे ऐकावे, आणि आपल्या शिफारशींसह अहवाल सरकारला पाठवावा, असे ते कलम सांगत असे. निर्णय सरकारचाच; पण तो मालकाचे ऐकल्यानंतरचा. आमच्या आजच्या कथेचा नायक म्हणाल तर हे छोटेसे कलम आहे.

आता सिंगूरकडे वळू. २००६ साली हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे टाटा मोटर्सचा लहान मोटारींचा कारखाना काढण्याचे ठरले. त्यासाठी पाच मौजांतील सुमारे ९९७ एकर जमीन राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळामार्फत घ्यावयाची होती. जुलैमध्ये अधिसूचना निघाल्या, हरकती आल्या, त्या फेटाळल्या गेल्या. आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी मोबदल्याचे निवाडेही जाहीर झाले. जमीन बहुपिकाऊ होती. अनेकांनी मोबदला घेतला, अनेकांनी नाकारला. कलकत्ता उच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये संपादन वैध ठरविले. परंतु आंदोलन शमले नाही आणि ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने कारखाना गुजरातमध्ये साणंद येथे नेण्याचे ठरविले. जमिनीचा खटला मात्र सर्वोच्च न्यायालयात चालू राहिला.

३१ ऑगस्ट २०१६ रोजी त्याचा निकाल लागला. न्या. गोपाल गौडा आणि न्या. अरुण मिश्रा या दोघांनी तो दिला. पहिला मुद्दा सार्वजनिक प्रयोजनाचा. न्या. गौडा यांच्या मते ही जमीन वस्तुतः एका कंपनीसाठी घेतली गेली होती. आणि कंपनीसाठी संपादन करावयाचे तर कायद्याच्या सातव्या भागात वेगळी, अधिक कडक रीत सांगितलेली होती, ती पाळली गेली नव्हती. न्या. मिश्रा यांचे मत उलट पडले. महामंडळाचा पैसा सार्वजनिक, कारखान्याने रोजगार वाढणार. तेव्हा प्रयोजन सार्वजनिकच, असे ते म्हणाले. दोन विद्वान न्यायाधीश, समोर तीच कागदपत्रे, आणि तरी उत्तरे दोन! 'सार्वजनिक प्रयोजन' हा शब्द किती लवचिक आहे हे यावरून ध्यानात येईल. शेतकऱ्याने केवळ त्याच्याच आधारावर उभे राहणे धोक्याचे आहे.

पण दुसऱ्या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले. कलम ५-अ खालील चौकशी नावापुरतीच झाली होती. हरकतींचा स्वतंत्र विचार न करता, पटण्याजोगी कारणे न देता त्या बाजूला सारण्यात आल्या होत्या. संपूर्ण संपादन रद्द झाले ते या दोषामुळे. जमीन बारा आठवड्यांत परत करावी असा आदेश झाला. ज्यांनी मोबदला घेतला होता त्यांनी तो परत करावयाचा नव्हता, कारण दहा वर्षे ते आपल्या उपजीविकेस मुकले होते.

यावर कोणी विचारील, सुनावणी पोकळ होती हे ओळखावे कसे? अहवाल वाचून. खरी सुनावणी झाली असेल तर अमुक गटाची हरकत कोणती, तिला उत्तर काय, हे त्यात दिसते. 'माझी जमीन बागायत आहे, शेजारी पडीक आहे, ती का घेत नाही?' असे एखाद्याने विचारले असेल, तर पडीक जमिनीचे काय झाले याचा उल्लेख हवा. शंभर हरकतींना एकच वाक्य शंभरदा लावलेले असेल, तर कोणी ऐकलेच नाही असे समजावे. म्हणून हरकत मोघम नसावी. गट क्रमांक, पीक, विहीर, पर्यायी जागा हे सारे लेखी द्यावे, पोच घ्यावी, आणि तोंडी सुनावणी मागावी. नेमक्या प्रश्नाला मोघम उत्तर मिळाले तरच तो दोष पुढे कोर्टात दाखविता येतो.

तिसरा मुद्दा मोबदल्याचा. १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा कायदा लागू झाला. समजा, खेड्यातील एका शेताचा बाजारभाव दहा लाख रुपये ठरला. जुन्या कायद्यात त्यावर तीस टक्के दिलासा रक्कम मिळून तेरा लाख होत. नव्या कायद्यात ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंतच्या गुणकाने गुणतात, आणि येणाऱ्या रकमेइतकीच दिलासा रक्कम देतात. गुणक दोन असेल तर वीस अधिक वीस, म्हणजे चाळीस लाख. झाडे, घरे व व्याज आम्ही येथे सोडून दिले आहे. फरक मोठा आहे खरा. पण मूळ बाजारभाव नोंदलेल्या खरेदीखतांवरून ठरतो, आणि खतात किंमत कमी दाखविण्याची आपली जुनी सवय शेवटी आपल्याच शेजाऱ्याला भोवते.

नव्या कायद्यात हरकतीस साठ दिवस आहेत; खाजगी कंपनीसाठी संपादन असेल तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची आगाऊ संमती लागते. परंतु सर्वच संपादने या कायद्याखाली होत नाहीत, हे विसरून चालणार नाही. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा. तेथे हरकतीस अवघे एकवीस दिवस मिळतात. तेव्हा नोटीस हाती पडताच ती कोणत्या कायद्याखालची, हे आधी पाहावे.

घाईने कोणाचे हित साधले? शेतकऱ्याला दहा वर्षांनी जमीन मिळाली, पण तिच्यावर दरम्यान कारखान्याचे बांधकाम उठले होते. कंपनीला कारखाना हलवावा लागला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीच्या गुंतवणुकीच्या नुकसानीबद्दल लवादाने महामंडळाविरुद्ध सुमारे ७६६ कोटी रुपयांचा, शिवाय व्याजाचा निवाडा दिला. लवादापुढचा प्रश्न वेगळा होता, हे मान्य. तरीही २००६ च्या त्या उन्हापावसात अधिकाऱ्यांनी एकेक हरकत वाचून तिला उत्तर दिले असते, तर त्याला काही आठवडेच अधिक लागले असते. कदाचित जागा बदलली असती, कदाचित तीच टिकली असती. पण जो निर्णय झाला असता तो कोर्टात या दोषामुळे तरी कोसळला नसता.

सुनावणी ही शेतकऱ्यावर केलेली मेहेरबानी आहे असे अधिकाऱ्यांना वाटते, आणि तो निव्वळ उपचार आहे असे शेतकऱ्यांना वाटते. दोघांचीही समजूत चुकीची आहे, हे सिंगूरने दाखविले.