झोपेची गोळी आणि दुबईचं विमान

मुंबई विमानतळावर एक मावशी रांगेत उभ्या होत्या.
निघाल्या होत्या दुबईला, लेकीकडे.

पर्समध्ये झोपेसाठीच्या अल्प्राझोलामच्या गोळ्या.
डॉक्टरांनीच दिलेल्या.
तरी हात सारखा पर्सकडे जात होता.
‘अडवलं तर?’

मुंबईत कुणी काही विचारलं नाही.
खरी तपासणी पुढे होती.
कारण संयुक्त अरब अमिरातीत हे नियंत्रित औषध आहे.
ते नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी लागते.
नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही.

लेकीने ती परवानगी आधीच काढून ठेवली होती.
हे तिनं फार चांगलं केलं.

दुबईत कस्टमच्या अधिकाऱ्याने औषधाचं पाकीट हातात घेतलं.
गोळ्या मूळ पट्टीतच होत्या.
पट्टीवरचं औषधाचं नाव त्याने चिठ्ठीशी ताडून पाहिलं.
चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टशी जुळवलं.
मग परवानगीचा कागद पाहिला, आणि मावशींना जाऊ दिलं.

सुट्या गोळ्या डबीत असत्या, तर ताडायचं कशाशी?

श्रोतेहो, पुन्हा सांगते.
आधी परवानगी, मग प्रवास.
प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात.
तिकीट काढलं, की त्या देशाच्या दूतावासाकडे औषधाचं नाव सांगून चौकशी करा.
आणि घाबरून गोळी अचानक बंद करू नका.
आधी डॉक्टरांशी बोला.